काकांचा हिरवा नसलेला आकडा

काल भर घरात माझी अक्कल निघाली, तीही एका स्क्रीनशॉटवरून, म्हणून राग ताजा असतानाच लिहितोय. काकांच्या कपाटात जुना Canon AE-1 कॅमेरा निघाला, 50mm f/1.8 लेन्ससकट. किंमत काढ म्हणाले, मी काढली. तर काकांनी फोन माझ्या नाकासमोर धरला, त्यावर माझ्या सहापट आकडा.

"हे बघ, सेम मॉडेल!"

"काका, ही मागितलेली किंमत आहे."

"मग? लिहिलीय ना?"

"लिहिलीय हो, पण दिलीय का कुणी?"

"अरे, लोक काय वेडे आहेत का उगाच लिहायला?"

आता काय बोलणार. रास्त भावाचे कॅमेरे विकले जातात आणि यादीतून गायब होतात, मागे उरतात ते कुणी न घेतलेले, म्हणजे नवखा माणूस ज्याला बाजारभाव समजतो ती बरीचशी न विकलेल्या मालाची यादी असते. हे मी समजावत होतो तेव्हा काका चष्मा पुसत होते. आत्या हसत होती, का ते तिलाच माहीत.

मी काय केलं होतं, तर eBay वर Sold Items चा फिल्टर लावला. त्यात साधारण मागच्या 90 दिवसांतले सौदे दिसतात, विकलेल्याची किंमत हिरवी. नुसतं Completed Items लावलं तर न विकलेलेही येतात, ते हिरवे नसतात. शोधताना `canon AE-1 -program` टाकलं, कारण AE-1 Program हे 1981 चं वेगळं मॉडेल, त्याचा भाव यात मिसळला की सगळं बिघडतं. मग नुसती बॉडी, "for parts" वाले, तीन लेन्स आणि बॅगवाले असे सगळे बाजूला काढले आणि उरलेल्यांतला मधला आकडा घेतला, सगळ्यात वरचा नाही. त्यातही काही किमतींवर काट मारलेली असते, म्हणजे घासाघीस होऊन सौदा कमीत झाला, नेमका कितीत ते तिथे दिसत नाही. शिपिंग कधी आत धरलेलं, कधी वेगळं, तेही जुळवून घ्यावं लागतं. एवढी मेहनत, आणि वर "तुला काय कळतंय".

त्यात काकांनी शटर दाबून दाखवलं तर कुईंऽऽ असा आवाज. या मॉडेलचं हे प्रसिद्ध दुखणं आहे, आतलं वंगण सुकतं. मागचं झाकण उघडलं तर फोमचा काळा चिकट चुरा बोटाला. म्हणजे "टेस्टेड, चालू" वाल्यांशी तुलनाच संपली, माझा आकडा अजून खाली.

"आवाज आहे म्हणजे मशीन जिवंत आहे," काका म्हणाले.

रात्रीच त्यांनी कॅमेरा लिस्ट केला, स्क्रीनशॉटपेक्षा थोडा वरच, कारण "आपला जास्त चांगला आहे". सकाळी फोन, आवाजात विजय: "तीन वॉचर्स आलेत!"

त्यातला एक मी आहे.