वार्षिक राशिभविष्य: सर्व इयत्ता, सर्व तुकड्या

आपला वार्षिकांक हातात पडतो तेव्हा वर्ष संपायला आठवडा उरलेला असतो. म्हणून हे भविष्य बिनधास्त वाचा, बरंचसं घडून गेलेलं आहे. आपली रास माहीत नसेल तर आईला विचारा. आईने पत्रिका शोधण्यासाठी कपाट उघडलंच, तर हरवलेली प्रगतिपुस्तकंही सापडतील, तेव्हा जपून.

राशी बारा आणि वर्गात मुलं साठ, म्हणजे एका राशीला सरासरी पाच जण. मेषेचा डबा सांडणार असं इथे लिहिलंय, तर मधल्या सुट्टीत पाच डबे सांडायला हवेत. चारच सांडले तर पाचव्याने आपला स्वतःहून पालथा करावा. शास्त्राचा मान राखायचा असतो.

वृषभ: मधल्या सुट्टीनंतर इतिहासाच्या तासाला प्रबळ निद्रायोग. पानिपत सुरू होताना डोळा लागेल, उठाल तेव्हा नागरिकशास्त्र चालू असेल. मिथुन: तुमचं आणि शेजाऱ्याचं उत्तर एकच येईल, चूकसुद्धा एकच.

कर्क राशीला कंपासपेटीतून धोका. कर्कटक सापडेल, पण त्यात अडकवायची पेन्सिल बोटभर उरलेली असेल आणि स्क्रू ढिला. वर्तुळ काढायला जाल, टोक सरकेल, सुरुवात आणि शेवट भेटणार नाहीत. बाईंना ‘सर्पिल काढलंय’ असं सांगून पाहावं. उपाय: पेन्सिलीला कागदाची घडी गुंडाळून स्क्रू आवळणे. (हा एकच उपाय खरोखर चालतो.)

सिंह: प्रार्थनेत तुमचाच आवाज वर राहील, बाकीचे दुसऱ्या कडव्यावर गेलेले असतील. कन्या: वहीला खाकी कव्हर, त्यावर लेबल, आत गृहपाठ नाही. तूळ: वडापाव की भेळ हे ठरेपर्यंत घंटा होईल. वृश्चिक: नांगी आवरा, पुढच्या बाकावरची वेणी तुमची नाही. धनू: खडूचा नेम अचूक, पण फळ्याजवळ मुख्याध्यापक उभे. मकर: पेपरात एक पुरवणी जास्त घ्याल आणि ती कोरीच बांधाल.

आता साडेसाती. शनी मार्च २०२५ मध्ये मीनेत आला. एका राशीत तो सुमारे अडीच वर्षं बसतो आणि मागच्या-पुढच्या राशीलाही छळतो, म्हणून सध्या कुंभ, मीन, मेष तिघेही सापडलेत. शाळेपुरतं सांगायचं तर साडेसाती म्हणजे नववीला सुरू झालेली त्रिकोणमिती बारावीलाही न सुटणं. कुंभेची पाण्याची बाटली दप्तरात गळेल, बरोबर भूगोलाच्या वहीवर. नद्या आपोआप निळ्या होतील.

मीन: पावसाळ्यात ओले मोजे. बाकी ठीक.

शुभ रंग सर्व राशींना गणवेशाचा, शनिवारी पीटीचा. शुभ अंक ३५. त्याच्या खाली ग्रहांचं काही चालत नाही.