कमिशन जास्त झालं म्हणून रेट कापायचा?

आज एका मित्राचा फोन आला. छोटा कारखाना आहे त्याचा, मशीनचे पार्ट बनवतो, सेल्सला पहिल्यांदाच माणूस ठेवलाय. म्हणे, "अरे त्याचं या महिन्याचं कमिशन सुपरवायझरच्या पगाराच्या वर गेलं, रेट कमी करतो आता." डोकंच फिरलं माझं. ऑर्डर आली तेव्हा बरं वाटलं ना?

मी अशाच एका कारखान्यात पहिला सेल्समन होतो. एका कस्टमरच्या मागे लागलो, आधी सॅम्पल, मग ट्रायल लॉट, मग त्यांच्या क्वालिटीवाल्यांचं अप्रूव्हल, यातच महिनेच्या महिने गेले, आणि रेग्युलर ऑर्डर सुरू झाल्यावर मालक म्हणाले, "हा आता कंपनीचा कस्टमर झाला." कमिशन बंद!

मित्राचं एक म्हणणं बरोबर आहे, त्याचा माणूस डिस्काउंट वाटत सुटतो. पण अरे, प्लॅनच तसा आहे! विक्रीवर ३ टक्के. समजा पार्टचा रेट १००, मटेरियल आणि जॉबवर्क धरून खर्च ७०. त्याने १० टक्के सूट दिली की तुझे ३० चे २० राहिले, म्हणजे एक तृतीयांश गेले, आणि त्याचे ३ चे २.७० झाले. त्याला काय फरक पडतो? तेच कमिशन मार्जिनवर १० टक्के ठेव. पूर्ण रेटला विकलं तर तेच ३ मिळतील, सूट दिली की २. मग बघ कसा एकेका रुपयासाठी भांडतो कस्टमरशी.

कॉस्टिंग सेल्समनला दाखवायची नसते, मान्य. मग प्रत्येक आयटमला एक बेस रेट ठरवून दे आणि त्याच्या वर जे मिळेल त्यावर कमिशन दे. फक्त हा बेस रेट मनाला येईल तेव्हा वाढवायचा नाही, मटेरियल महागलं तर दोघांनी बसून बदलायचा.

पेमेंट आल्यावरच कमिशन, हेही ठीक. नाहीतर बुडव्या पार्टीला पण माल जातो. पण आपला माल लेट गेला किंवा रिजेक्ट झाला म्हणून कस्टमरने पैसे अडवले, तर त्याचा भुर्दंड सेल्सवाल्यावर टाकू नका, वेल्डिंग त्याने केलेलं नसतं.

आणि पहिले सहा महिने तरी पूर्ण पगार द्या रे. अप्रूव्हललाच तेवढा वेळ जातो, तोवर त्याने घर कशावर चालवायचं? माझ्या त्या कस्टमरच्या वेळी मी उसने पैसे घेऊन दिवस काढले होते.

मित्रावर जरा जास्तच ओरडलो, माणूस वाईट नाहीये तो. शेवटी एवढंच म्हटलं, नव्या कस्टमरवर दोन वर्षं पूर्ण कमिशन, त्यानंतर अर्धं, तुझे जुने कस्टमर यातून बाहेर, पण जुन्याला त्याने नवीन आयटम विकला तर तो त्याचा. हे कागदावर लिही, दोघं सह्या करा. आणि या महिन्याचं जे झालंय ते ठरल्या रेटनेच दे.