कुणीच काही केलं नाही

आमच्या ऑफिसात सगळ्यांची मिळून एक गूगल शीट आहे. तिच्या पहिल्या पानावर साहेबांसाठी डॅशबोर्ड. सकाळी जूनची विक्री 42 लाख 60 हजार होती, दुपारच्या मीटिंगमध्ये तीच 31 लाख 15 हजार दिसली. जेवणाच्या सुट्टीत साडेअकरा लाख कुठे गेले, म्हणून साहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे. शीट मी सांभाळतो ना!

त्या चौकटीवर उजवी क्लिक करून Show edit history पाहिलं. शेवटचा बदल एप्रिलमधला. म्हणजे आकडा बदलला, पण सूत्राला कुणी हात लावलेला नाही. अशा वेळी माणसं धरण्यापेक्षा फरक धरावा. 11 लाख 45 हजार ही रक्कम शोधली, तर ती नाशिकची जूनची विक्री निघाली. अगदी रुपयाला रुपया.

मग उलगडलं. हिशेबातल्या काकांनी ‘जून’च्या पानावर फिल्टर लावून नाशिकवरची खूण काढली होती. आणि एकूण बेरीज होती अशी:

```
=SUBTOTAL(9,'जून'!F2:F900)
```

SUBTOTAL फिल्टरने झाकलेल्या ओळी मोजत नाही. SUM मोजतो. काकांनी नाशिक झाकलं, ते डॅशबोर्डवरूनही गेलं. “अरे, मी फक्त बघत होतो!” काका म्हणाले, आणि ते शंभर टक्के खरं होतं.

सूत्रात SUM घातला, आणि बघणाऱ्यांनी ‘फिल्टर व्ह्यू’ वापरावा असं ठरलं. त्यात झाकाझाकी ज्याची त्याच्यापुरती राहते. शिवाय महिना बंद झाला की त्याचा आकडा शेजारच्या रकान्यात नुसती किंमत म्हणून चिकटवायचा, सूत्र नाही. तो रकाना कुलूपबंद. दोन्ही जुळतात का ते बघायला पहारेकरी:

```
=IF(ROUND(C7-D7,0)=0,"ठीक","बदललं")
```

पुढच्याच महिन्यात मे ओरडला. परत आलेला माल वजा करणारं नवं सूत्र मार्केटिंगच्या पोरीने जुन्या महिन्यांनाही लावलं होतं. निर्णय बरोबरच होता, पण मेचा अहवाल कधीच मालकांच्या टेबलावर गेला होता. व्हर्जन हिस्टरी कुणी आणि कधी ते सांगते, का ते सांगत नाही. म्हणून ‘बदलनोंद’ नावाचं पान आलं: तारीख, कोण, कुठला आकडा, जुनं सूत्र, नवं सूत्र, कोणत्या महिन्यापासून लागू, आणि कारण.

पहिले सहा रकाने लोक निमूट भरतात. ‘कारण’मध्ये मात्र प्रतिभेला बहर येतो. “आवश्यक होते.” “वरून सांगितलं.” काकांनी तर “कारण आहे” असं लिहिलं. म्हणून आता नियम असा की, जुना आणि नवा आकडा शेजारी लिहून फरक कशामुळे पडला हे सांगितल्याशिवाय बदल ग्राह्य नाही. काका माझ्याशी बोलेनासे झालेत, पण लिहितात.

साहेबांना हे पान फारच आवडलं. परवा बोलावून म्हणाले, “छान आहे रे. आता सगळ्यात जास्त बदल कोण करतं, त्याचा एक डॅशबोर्ड टाक.”