'माझ्यापेक्षा' मध्येही घोळ आहेच

काही जण म्हणतात, "'शी लाइक्स टी मोअर दॅन मी' असा दोन अर्थांचा घोळ इंग्रजीतच होतो, मराठीत 'पेक्षा' असल्यामुळे होत नाही."

उलट आपल्याकडे जास्त होतो. 'तिला माझ्यापेक्षा चहा जास्त आवडतो' हे नवऱ्याने म्हटलं तर तिची चहाची आवड त्याच्याहून जास्त असल्याचं कौतुक, की तिला नवऱ्याहून चहाच प्रिय असल्याची तक्रार? 'मला चहा आवडतो' मधला 'मला' असो की 'मी तिला आवडतो' मधला 'मी', 'पेक्षा' लागला की दोन्हीचं 'माझ्या'च होतं, मग गाळलेलं वाक्य कोणतं ते कळणार कसं. 'माझ्यापेक्षा तिला चहा जास्त आवडतो' असं फिरवलं की तुलना बहुतेक दोघांच्या आवडीची वाटते, पण तो नुसता कल आहे, नियम नाही. खात्रीच हवी तर क्रियापद परत आणा: 'मला आवडतो त्यापेक्षा तिला चहा जास्त आवडतो'. तक्रारच असेल तर 'मी आवडतो त्यापेक्षा' म्हणा.