‘नाही’ पुढच्या ओळीत

गळका नळ दिसला की आमच्या मामांचा हात आपोआप पान्याकडे जातो. वॉशर बदलणं ही कला आपल्याबरोबर लुप्त होईल अशी भीती त्यांना गेली काही वर्षं वाटते आहे. म्हणून त्यांनी दीड मिनिटाचा व्हिडिओ करायचं ठरवलं, आणि तो मी माझ्या फोनवर उभा धरून काढला. पान्याच्या खडखडाटात मामांचे निम्मे शब्द बुडाले. तेव्हा ते म्हणाले, “खाली अक्षरं टाक की. नाहीतरी हल्ली लोक आवाज बंद करूनच बघतात.”

“टाकतो. अर्ध्या तासाचं काम आहे,” असं मी म्हणालो. चार संध्याकाळी गेल्या.

सबटायटलची फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. आधी क्रमांक, मग अक्षरं कधी उमटायची आणि कधी जायची ती वेळ, मग अक्षरं, मग एक रिकामी ओळ. मी मराठी कीबोर्डवरच सगळं टंकलं, त्यामुळे वेळाही भक्तिभावाने ००:००:१४,३०० अशा देवनागरी आकड्यांत लिहिल्या. व्हिडिओवर एक अक्षर उमटलं नाही. अक्षरं मराठीत चालतात, घड्याळ मात्र इंग्रजी आकड्यांतच लागतं, हे कळण्यात पहिली संध्याकाळ संपली.

खरी परीक्षा पाहिली ती चौथ्या वाक्याने. मामा कॅमेऱ्याकडे पान्याने बोट दाखवत एका दमात म्हणतात, “हे बघा, आता काय करायचं, तर पहिलं म्हणजे, टाकीचा कॉक बंद केल्याशिवाय हा नळ उघडायचा नाही, नाही म्हणजे नाही, काय?” हे सगळं पाच सेकंदांत. मी बोटांवर अक्षरं मोजली, बरोबर ५० भरली. सेकंदाला दहा.

तेव्हा मला दोनच नियम माहीत होते. एक, बोललेला शब्द गाळायचा नाही. दुसरा कुठेतरी वाचलेला: दृश्य बदलतं त्या क्षणी सबटायटलही बदलावं. चित्र बदलल्यावर जुनीच अक्षरं खाली राहिली, तर डोळ्यांना ती नवीन वाटतात आणि माणूस पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागतो, असं तिथे म्हटलं होतं. नियम चांगला आहे. मामांच्या वाक्यात “उघडायचा” या शब्दावर दृश्य बदलत होतं, मामांच्या चेहऱ्यावरून थेट नळावर. मी आज्ञाधारकपणे तिथे तुकडा पाडला. पहिल्या तुकड्यात “हे बघा”पासून “केल्याशिवाय”पर्यंत ३१ अक्षरं. दुसऱ्यात “हा नळ उघडायचा”, आठ अक्षरं. आणि दृश्य बदलल्यावर तिसऱ्यात “नाही, नाही म्हणजे नाही, काय?”

व्हिडिओ नातेवाइकांना पाठवला. रात्री आतेभावाचा फोन आला. आवाजामागे पाण्याचा आवाज होता.

“अरे, तुझे मामा म्हणाले, नळ उघडायचा!”

“नाही म्हणाले!”

“मी वाचलंय. ‘हा नळ उघडायचा.’ बाळ झोपलंय म्हणून आवाज बंद होता. आता बाळ उठलंय, ते सोड.”

त्याने जे केलं, ते दुसऱ्या दिवशी मीही करून पाहिलं: आवाज बंद ठेवून व्हिडिओ बघितला. तीन सेकंदांत ३१ अक्षरं डोळ्यांना पेलत नाहीत. मी “तर पहिलं म्हणजे”पर्यंत पोहोचलो आणि तुकडा गेला. मग “हा नळ उघडायचा” हे आठ अक्षरांचं सुटसुटीत, ठाम वाक्य आलं आणि ते मात्र पूर्ण वाचून झालं. लगेच दृश्य बदललं, नळ मोठा झाला, पाना आला. अशा वेळी कोण खाली बघतो? सगळे पाना बघतात. ‘नाही’ आलं आणि गेलं.

इथे आपल्या भाषेचा स्वभाव आडवा येतो. मराठीत माणूस सगळं बोलून घेतो आणि मग शेवटी सांगतो की हे करायचं नाही. देणार... नाही. येतो म्हणाला... नव्हता. निकाल राखून ठेवलेला असतो, तो शेवटच्या दोन-तीन अक्षरांत लागतो. इंग्रजीत नकार बहुधा क्रियापदाच्या आधीच येऊन उभा असतो, त्यामुळे त्या भाषेतल्या लोकांनी केलेल्या नियमांना या धोक्याची कल्पना नसते. मी माझ्यापुरता नियम बदलला. ‘नाही’ क्रियापदापासून तोडायचं नाही. दृश्य बदललं तर बदलू दे, अक्षरं अर्धा-एक सेकंद पुढे रेंगाळली तरी चालतील. कोणी दोनदा वाचलं तर वाचू दे, कोरडा तरी राहील.

मग वेग. स्वतःवर आणि घरातल्या दोघांवर प्रयोग करून मी असं ठरवलं की चित्र बघत बघत वाचायचं असेल, तर सेकंदाला आठ अक्षरं पुरे. मामांच्या पाच सेकंदांत ४० बसतात, मामा बोललेत ५०. म्हणजे गाळणं आलं. मी “हे बघा”, “आता काय करायचं”, “तर पहिलं म्हणजे” आणि शेवटचं “काय?” काढून टाकलं. ‘नाही’ एकदाच ठेवलं. उरलं:

```
4
00:00:14,300 --> 00:00:17,400
टाकीचा कॉक बंद केल्याशिवाय
हा नळ उघडायचा नाही.
```

२२ अक्षरं आणि ३.१ सेकंद. मामा प्रस्तावना बोलत असतात तेव्हा पडद्यावर काहीच नसतं. “टाकीचा” म्हणतात तिथे अक्षरं उमटतात आणि त्यांचं “काय?” संपेपर्यंत राहतात. पुढचं सबटायटल लगेच त्याला चिकटवलं नाही. मध्ये दोन फ्रेम मोकळ्या सोडल्या. सेकंदाला २५ फ्रेम असतील, तर हे अंतर सेकंदाच्या बाराव्या भागाहूनही कमी भरतं. पण तेवढ्या लुकलुकण्यानेच डोळ्याला कळतं की मजकूर बदलला.

हे ओळींत बसवताना सबटायटलच्या प्रोग्रामशी भांडण झालं. मी आधी सगळं एकाच ओळीत लिहिलं होतं आणि ती ओळ लालभडक झाली. माझी २२ अक्षरं, प्रोग्राम म्हणे ४६! तो काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायची खूण, सगळं सुटं सुटं मोजतो, शिवाय मोकळ्या जागा आणि पूर्णविरामही. त्याच्या लेखी ‘नाही’ म्हणजे चार आणि ‘स्त्री’ म्हणजे सहा. ओळीला ४२ ही इंग्रजीतली रूढ मर्यादा त्याने जशीच्या तशी मराठीला लावली होती. मराठी डोळ्यांच्या हिशेबाने ती जेमतेम वीस-एकवीस अक्षरांची होते. आडव्या व्हिडिओला ते ठीक, उभ्याला मात्र तेवढंही जड जातं. मी उभ्यासाठी ओळीला सोळा अक्षरं धरतो आणि दोनच्या वर ओळी करत नाही.

त्या लाल ओळीकडे मी दुर्लक्ष करून पाहिलं, तेही सांगतो. फोनवर ओळ मावली नाही तेव्हा प्लेअरने ती आपल्या मनाने मोडली. वर सगळं वाक्य, खाली एकटं ‘नाही’. तो शब्द मला चुकवायला टपलाच होता. म्हणून ओळ मी स्वतः मोडली, “केल्याशिवाय”नंतर, जिथे बोलणारा माणूसही श्वास घेईल. मराठीची एक कृपा अशी की ‘शिवाय’, ‘साठी’, ‘वर’ हे शब्दयोगी शब्दाला चिकटूनच येतात, त्यामुळे ते तरी ओळ मोडताना खाली पडत नाहीत. विशेषण आणि नाम, ‘काढून’ आणि ‘टाकायचा’, या जोड्या मात्र आपणच सांभाळायच्या.

आता सगळं नीट झालं म्हणून मी अक्षरं कायमची चित्रातच छापून टाकली, म्हणजे कुठल्याही फोनवर दिसतील. आणि व्हिडिओ चढवला. उभ्या व्हिडिओच्या तळाशी चढवणाऱ्याचं नाव, वर्णन आणि बटणं असतात, हे मी विसरलो होतो. पहिली ओळ झळझळीत दिसत होती: “टाकीचा कॉक बंद केल्याशिवाय”. दुसरी ओळ माझ्याच नावाखाली गाडली गेली होती. ‘नाही’ तिसऱ्यांदा गेलं, आणि या वेळी त्यावर सही माझी होती.

अक्षरं वर उचलली. आता मी तळाचा पाचवा भाग मोकळाच सोडतो. या गडबडीत एक झोकदार फॉन्टही वापरून पाहिला होता. त्यात “दुसऱ्या हाताने” मधला ऱ्या त्या फॉन्टला येत नव्हता. र पाय मोडून उभा आणि या बाजूला, जणू दोघांचं पटत नाही. शिवाय वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकत होते. साधा फॉन्ट घेतला, दोन ओळींमधलं अंतर वाढवलं, विषय संपला.

मग शेवट. मामांनी शेवटी एक विनोद केला आहे आणि तो त्यांना फार प्रिय आहे. “एवढं करूनही नळ गळायचा थांबला नाही, तर घाबरू नका,” असं म्हणून ते दीड सेकंद गंभीर चेहऱ्याने थांबतात. मग म्हणतात, “खाली बादली ठेवा.” तोवर मी तोडायचं नाही, तोडायचं नाही, असं घोकत असल्याने हे सगळं एका सबटायटलमध्ये दोन ओळींत बसवलं होतं. मामांना दाखवलं. पडद्यावरचे मामा गंभीर होण्याआधीच मामी हसल्या.

“हिला आधीच कसं कळलं?” मामांनी विचारलं.

“वाचलं मी,” मामी म्हणाल्या.

मामांचा चेहरा पडला. डोळा कानाच्या पुढे धावतो. सूचनेच्या वाक्यात ते सोयीचं, विनोदाच्या वाक्यात नाही. इथे तोडायलाच हवं होतं. पहिलं सबटायटल “घाबरू नका”वर संपवलं. दीड सेकंद पडदा कोरा. मग मामांचं तोंड उघडतं त्याच फ्रेमवर “खाली बादली ठेवा.” सातच अक्षरं, वाचायला सेकंदसुद्धा लागत नाही. पण ती दोन सेकंद ठेवली, लोकांना हसायला जागा हवी.

मामांनी अंतिम व्हिडिओ आवाज बंद करून पाहिला, मग चालू करून पाहिला. “चांगलं झालंय,” ते म्हणाले. “पण माझं ‘हे बघा’ कुठे गेलं?”

“मामा, ते ऐकू येतं ना.”

“मग ‘नाही’पण ऐकू येतंच होतं की!”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी नवा व्हिडिओ आतेभावाला पाठवला आणि आवाज बंद ठेवूनच बघ अशी ताकीद दिली. अर्ध्या तासाने त्याचा निरोप आला: “आता एकदम स्पष्ट समजलं. बादली ठेवली आहे.”