गंगेवरचा बाजार आणि चार हजार फॉर्म

"काका, 4,200 फॉर्म आलेत. 83 टक्के नाशिककर म्हणतात, गंगेवरचा बुधवारचा बाजार हलवा. एरर फक्त एक टक्का. आता तरी मानाल?"

गंगा म्हणजे आमची नाशिकची गोदावरी. पुतण्याचा हा मेसेज ट्रेनमध्ये वाचला आणि रीडिंगपासून पॅडिंग्टनपर्यंत चरफडत राहिलो. पोरगा मेहनती आहे, एक टक्क्याचं गणितही त्याने बरोबर केलंय. पण ते गणित चिठ्ठ्या टाकून माणसं निवडली असतील तरच लागू होतं. इथे माणसांनी स्वतःला निवडलं. फॉर्म फिरला गंगापूर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर, मॉर्निंग वॉकवाल्यांच्या, कॉलेजच्या जुन्या बॅचच्या. मग 4,200 चे 42,000 केले तरी कल तोच राहील, फक्त आकडा जास्त ठाम वाटेल.

मी त्याच्याकडून पिनकोडवार आकडे मागवले. 3,360 फॉर्म गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगरकडचे. त्यांत 90 टक्के "हलवा" म्हणतात. पंचवटी आणि जुन्या नाशकातले 840, त्यांत 55 टक्के. दोन्ही भागांना सारखं वजन दिलं तर 83 चे साडेबहात्तर होतात.

"म्हणजे बहुमत आहेच ना?" त्याने लगेच विचारलं.

वजन दिल्याने भागांचं प्रमाण सुधारतं, त्या भागातून बोललं कोण ते बदलत नाही. पंचवटीतून फॉर्म भरला तो बहुतेक बुधवारी गाडी अडकते त्याने. पिशवी घेऊन भाजीला उतरणारी बाई त्या 840 मध्ये फारशी नाहीच, तेव्हा वजन वाढवलं तरी मोठा होतो तो गाडीवाल्याचाच आवाज. आणि आईची ठरलेली मेथीवाली शहराबाहेरच्या खेड्यातून यायची. बाजार तिचा, पण "नाशिककर" म्हणून तिला कुठल्या यादीत शोधणार?

इथे ब्रिटनमध्ये हीच चूक फार मोठ्या प्रमाणावर झाली. मे 2015 च्या निवडणुकीआधी बहुतेक पोल कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लेबर जवळपास बरोबरीत दाखवत होते, आणि निकालात कॉन्झर्व्हेटिव्ह साडेसहा टक्क्यांनी पुढे. पॅट्रिक स्टर्गिस यांच्या समितीने तपासलं तेव्हा मुख्य कारण निघालं नमुन्याचं: लेबरचे मतदार त्यात जास्त आले होते आणि वजनं देऊनही ते सावरलं नाही. निवडणुकीनंतर पत्ते चिठ्ठीने काढून घरोघरी जे सर्व्हे झाले, ते खऱ्या निकालाच्या बरेच जवळ आले. माझ्या शेजारच्या बाईंनी असं काम वर्षानुवर्षं केलंय. दार बंद असेल तर शेजारचं ठोठवायचं नाही, त्याच दारी परत जायचं, संध्याकाळी, शनिवारी, चौथ्यांदा, पाचव्यांदा. "पहिल्या खेपेला भेटणारी माणसं वेगळीच असतात," असं त्या म्हणतात. चूक झाल्यावर समिती नेमून ती जाहीर छापायची, याचं मला इथे कौतुक वाटतं. पुतण्या म्हणाला, "पण तुमच्याकडेही चुकलंच ना?" "तुमच्याकडे" हा शब्द लागला.

ताई पंचवटीत राहते. तिला विचारलं तर म्हणाली, "मला कुणी फॉर्म दिलाच नाही. आणि बाजार हलवला तर माझे गुडघे रिक्षाने न्यायचे का?" तिचं उत्तरही एकटीचंच. त्यावरून बाजार राहावा असं सिद्ध होत नाही, हे मला कळतं.

पण फॉर्म वाया गेलेला नाही. त्यात दुसरा प्रश्न होता: बाजार हलल्यावर घाटावर पार्किंग करावं का? 61 टक्के "नको" म्हणाले. या नमुन्यात गाडीवालेच जास्त, म्हणजे ओढ पार्किंगकडे असायला हवी होती. तरीही उत्तर उलट आलं. म्हणून त्या 83 पेक्षा या 61 वर माझा विश्वास जास्त बसतो. अख्ख्या नाशकाचा नेमका टक्का तोही सांगत नाही, पण घाटावर गाड्या नकोत असं म्हणणारे बहुसंख्य असावेत, इतकं धरून चालता येतं. पहिल्या प्रश्नावरून एवढंच म्हणावं: या ग्रुपांतल्या बऱ्याच लोकांना बुधवारचा त्रास होतो. तो त्रास खरा आहे. पुतण्याला हे अजून पटलेलं नाही. विक्रेत्यांना आणि गिऱ्हाइकांना दोन बुधवार घाटावर उभं राहून विचार, दर दहाव्या माणसाला थांबव, असं सांगितलंय. बाजाराला न येणारे त्यातून सुटतील, त्यांचं काय करायचं यावर आम्ही अडलोय.

एक गोष्ट त्याला काल रात्री सांगितली. फॉर्म ताईकडे नाही, पण माझ्याकडे आला होता, कॉलेजच्या ग्रुपवर. मी तो भरला. पिनकोडच्या रकान्यात 422003 टाकलं आणि "हलवू नका" वर खूण केली. सतरा वर्षांत मी गंगेवर बुधवारी एकदाही गेलेलो नाही. त्या 840 मधून एक वजा कर म्हणालो. त्याने अजून केलेला नाही.