प्रमोटरने शेअर घेतले, विकले: तो तक्ता वाचायचा कसा

परत एकदा एका ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरतोय, कुठल्यातरी कंपनीच्या डायरेक्टरने शेअर विकले, खाली लाल अक्षरात "आतल्या माणसाला माहितीये, बाहेर पडा". त्याच ग्रुपवर मागच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीचं "प्रमोटर बाइंग, डोळे झाकून घ्या" असं आलं होतं. एक्स्चेंजच्या साइटवर आतल्या लोकांच्या सौद्यांचा तक्ता असतो, मी तो उघडून बघितला तर त्या "बाइंग"मध्ये एकही शेअर बाजारातून घेतलेला नव्हता. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, लांब झालंय, वेळ असेल तेव्हा वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे डायरेक्टरने स्वतःच्या कंपनीचे शेअर घेणं-विकणं हा गुन्हा नाहीच. गुन्हा कधी होतो, तर बाजाराला अजून न सांगितलेली आणि सांगितली तर भाव हलेल अशी माहिती हातात असताना सौदा केला तर. रिझल्ट, डिव्हिडंड, मर्जर, मोठी ऑर्डर, एमडीचा राजीनामा, असलं काहीही. आणि "आतला माणूस" म्हणजे फक्त प्रमोटर नाही बरं का. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०१५ च्या नियमांत ज्याच्याकडे अशी माहिती आहे तो प्रत्येक जण इनसायडर. कंपनीच्या अकाउंट्समधल्या मित्राने तुम्हाला रिझल्टचे आकडे आदल्या दिवशी सांगितले आणि तुम्ही शंभर शेअर घेतले, तर तुम्हीपण त्यात आलात. दंड किमान दहा लाख, जास्तीत जास्त २५ कोटी किंवा फायद्याच्या तिप्पट, यातलं जे मोठं असेल ते. शिवाय कोर्टात खटला गेला तर तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

आता काही जण म्हणतात यात कोणाचं काय गेलं, त्याने स्वतःच्या अकलेने कमावलं. तर १९९६ ची हिंदुस्थान लिव्हरची केस बघा. ब्रुक बाँड लिप्टन ही लिव्हरच्याच घरातली दुसरी कंपनी, दोघींचा मालक युनिलिव्हर, दोघींचं मर्जर ठरत होतं. ते जाहीर व्हायच्या आधी, मार्चमध्ये, लिव्हरने ब्रुक बाँडचे आठ लाख शेअर युटीआय या म्युच्युअल फंडाकडून घेतले. बाजारभावापेक्षा थोडा जास्तच भाव दिला हो, वरवर बघितलं तर युटीआयचा फायदाच. मग एप्रिलमध्ये मर्जर जाहीर झालं आणि भाव वर गेला. सेबीने १९९८ मध्ये आदेश काढला की युटीआयला सुमारे तीन कोटी भरून द्या. अपीलात तो आदेश टिकला नाही, मर्जरची चर्चा पेपरात आधीच होती असं कारण निघालं, ते सोडा. मला महत्त्वाचं वाटतं ते समोरच्या टोकाला कोण होतं ते. युटीआय म्हणजे तेव्हा आपल्या आईवडलांची युनिट्स, गिरगावपासून गडचिरोलीपर्यंत घराघरात होती. एका सहीने जो पैसा इकडचा तिकडे गेला तो त्यांचा होता. घेणाऱ्याला मर्जरचं माहिती, विकणाऱ्याला नाही, बस एवढंच. स्क्रीनवर सौदा करताना समोरचा दिसत नाही म्हणून आपल्याला वाटतं कोणाचंच नुकसान नाही, पण प्रत्येक सौद्याला समोर कोणीतरी असतोच.

बरं, तक्त्याकडे येऊ. प्रमोटर, डायरेक्टर किंवा कंपनीने "डेझिग्नेटेड पर्सन" म्हणून ठरवलेला माणूस, यांचे एका तिमाहीतले सौदे मिळून दहा लाखांच्या वर गेले की दोन ट्रेडिंग दिवसांत कंपनीला कळवायचं आणि कंपनीने पुढच्या दोन दिवसांत एक्स्चेंजला. बीएसई, एनएसई दोन्हीकडे कंपनीच्या पानावर इनसायडर ट्रेडिंग म्हणून वेगळा भाग असतो, फुकट आहे, कुठलंही ॲप विकत घ्यायला नको. त्यात माणसाचं नाव, तो कोण (प्रमोटर, डायरेक्टर की नातेवाईक), आधी किती होते, किती घेतले-विकले, किती रुपयांचे, नंतर किती उरले, तारखा, आणि शेवटाकडे एक कॉलम असतो "मोड" म्हणून, म्हणजे सौदा कोणत्या मार्गाने झाला. बहुतेक लोक खरेदी की विक्री एवढंच बघतात. मी पहिले मोड बघतो, कारण अर्ध्याहून जास्त ओळी तिथेच बाद होतात.

उदाहरण देतो, आकडे मनचे आहेत. एका ओळीत सीएफओने दोन लाख शेअर "घेतले", रक्कम वीस लाख. भागाकार करा, दहा रुपयाला एक. बाजारात भाव ४८० चालू. म्हणजे ही ईसॉपची, कर्मचाऱ्यांना स्वस्तात मिळणाऱ्या शेअरची, अलॉटमेंट, पगाराचाच भाग, याला बाइंग म्हणणं चूक. दोन आठवड्यांनी त्याच माणसाची ८०,००० शेअरची बाजारात विक्री दिसते, लगेच ग्रुपवर बोंब. अरे, ईसॉप घेतल्यावर ४८० आणि १० मधल्या फरकावर इन्कम टॅक्स लागतो, पगारासारखा, आणि तो भरायला रोख लागते. त्याच्याकडे आधी ५०,००० होते, आता १,७०,००० आहेत, म्हणजे माणसाचा कंपनीतला हिस्सा वाढलाय. पहिला आणि शेवटचा आकडा एकत्र वाचला असता तर बोंब मारायची वेळ आली नसती.

तसंच "इंटर-से ट्रान्सफर", वडलांकडून मुलाकडे किंवा घरच्या ट्रस्टकडे. एका ओळीत विक्री, दुसऱ्या ओळीत तेवढीच खरेदी, बाजाराशी संबंध नाही. प्रेफरन्शियल वॉरंट, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घ्यायचा हक्क, त्यात प्रमोटर सुरुवातीला २५ टक्केच भरतो आणि बाकीचं भरायला १८ महिने मिळतात, भाव पडला तर ते पंचवीस टक्के सोडून मोकळा. आणि प्रमोटरचा हिस्सा ७५ टक्क्यांच्या वर असेल तर कायद्यानेच खाली आणावा लागतो, ती विक्री मर्जीची नाहीच. प्लेज, म्हणजे कर्जासाठी तारण ठेवलेले शेअर, मात्र मी गंभीरपणे बघतो, कारण "इन्व्होकेशन" असं दिसलं की कर्ज देणाऱ्याने तारण ताब्यात घेतलंय. तिथे प्रमोटरचा निर्णय संपलेला असतो.

मग उरतं काय? बाजारातून, खिशातल्या पैशाने, चालू भावाने घेतलेले शेअर. याला मी वजन देतो, आणि कारण भावनिक नाही. नियम असा की यांनी घेतले तर सहा महिने उलटा सौदा करता येत नाही. शिवाय घ्यायच्या आधी कंपनीच्या कंप्लायन्स ऑफिसरची मंजुरी लागते. म्हणजे अडकून पडायची तयारी ठेवूनच घेतात. एकाने नाही, दोन-तीन वेगवेगळ्या डायरेक्टरांनी थोड्या दिवसांत घेतले तर मी ती कंपनी वाचायला घेतो. विकत नाही घेत, वाचायला घेतो. आणि हो, रिझल्टनंतर लगेच घेतले म्हणून त्यात काही गुपित शोधू नका, तिमाही संपल्यापासून रिझल्ट लागून ४८ तास होईपर्यंत यांची ट्रेडिंग विंडो बंदच असते, उघडल्यावर सगळे एकदम दिसणारच.

विक्रीचं जास्त अवघड आहे, कारण विकायला कारणं हजार, लग्न, घर, कर्ज, घटस्फोट. सुप्रीम कोर्टात सप्टेंबर २०२२ मध्ये निकाल लागलेली गॅमन इन्फ्राची केस या बाबतीत फार बोलकी आहे. २०१३ साली अभिजित राजन कंपनीचे सीएमडी होते. गॅमनला हायवे ऑथॉरिटीचं एक काम मिळालं होतं, सिम्प्लेक्स नावाच्या दुसऱ्या कंपनीला दुसरं, आणि दोघांनी एकमेकांच्या प्रोजेक्टमध्ये पैसे घालायचे असा करार होता. ऑगस्टमध्ये बोर्डाने तो करार मोडायला मान्यता दिली. बाजाराला ते कळलं ३० ऑगस्टला. आणि मधे, २२ ऑगस्टला, राजन यांनी सुमारे १४४ लाख शेअर विकले, दहा कोटींच्या आसपास. आता तक्त्यात एवढंच दिसणार, चेअरमनने बातमीच्या आठवडाभर आधी विकले. सेबीलाही तेच दिसलं आणि सेबीने त्यांना दोषी धरून सुमारे एक कोटीची रक्कम परत करायला सांगितली.

कोर्टाने मात्र दोन प्रश्न विचारले. एक, ही बातमी चांगली होती की वाईट? गॅमनचा स्वतःचा प्रोजेक्ट मोठा होता, सिम्प्लेक्सचा लहान, करार मोडल्यावर मोठ्यातला पूर्ण हिस्सा परत आपल्याकडे. म्हणजे बातमी कंपनीच्या फायद्याची, आणि फायद्याची बातमी माहिती असलेला माणूस थांबेल, विकणार नाही. दोन, विकले कशाला? मूळ कंपनी गॅमन इंडिया कर्जाच्या पुनर्रचनेत होती, त्यात प्रमोटरने स्वतःचे पैसे आणायचे ही अट होती, ते आणायला विकले. सेबीचा आदेश आधीच्या अपीलात रद्द झाला होता, तो रद्दच राहिला. मला हा निकाल पूर्णपणे पटत नाही, कारण "गरज होती" हे कारण उद्या कोणीही सांगेल, आणि नियमाचा सगळा जोर माहिती हातात असण्यावर आहे, हेतूवर नाही. पण वाचणाऱ्यासाठी त्यातला पहिला प्रश्न सोन्यासारखा आहे. सौद्याची दिशा आणि नंतरच्या बातमीची दिशा जुळते का, ते बघा.

जिथे जुळते तिथे कसं दिसतं ते इंडसइंड बँकेत बघा. १० मार्च २०२५ ला बँकेने सांगितलं की डेरिव्हेटिव्हच्या हिशोबात चूक आहे, दुसऱ्या दिवशी शेअर २७ टक्के पडला. सेबीच्या मे २०२५ च्या अंतरिम आदेशात म्हटलंय की बँकेतल्या वरच्या लोकांना हे डिसेंबर २०२३ पासून माहिती होतं, त्या काळात पाच अधिकाऱ्यांनी शेअर विकून मोठा तोटा टाळला, आणि १९.७८ कोटी जप्त केले. अंतरिम आदेश आहे, म्हणजे हे आरोप आहेत, त्यांची बाजू ऐकून अंतिम काय ठरेल ते वेगळं. पण एक गोष्ट बघा. आदेशानुसार बँकेने ही माहिती "भावावर परिणाम करणारी" म्हणून नोंदवली मार्च २०२५ मध्ये. तोपर्यंत कागदोपत्री गुपितच नाही, मग या गुपितापायी विंडो तरी कोण बंद करणार? तक्त्यात त्या विक्रीची ओळ आणि ईसॉपवाल्या सीएफओची ओळ शेजारी ठेवली तर फरक कळणार नाही.

आणि ज्याला खरंच चोरून कमवायचंय तो स्वतःच्या नावाने करतच नाही, मेव्हण्याच्या नाहीतर ड्रायव्हरच्या खात्यातून करतो, ते या तक्त्यात येतच नाही. ते सेबी पकडते कॉल रेकॉर्ड, बँकेतले व्यवहार, आणि कधीच ट्रेडिंग न केलेल्या खात्यात बातमीच्या दोन दिवस आधी अचानक आलेली मोठी ऑर्डर, यावरून. तेही सिद्ध करताना घाम फुटतो, पीसी ज्वेलरच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलं की नुसतं नातं आहे म्हणून माहिती दिली असं धरता येणार नाही, दिल्याचा पुरावा आणा.

तर त्या ग्रुपवरच्या स्क्रीनशॉटचं काय? उघडून बघितला मी. मोड: ऑफ मार्केट, इंटर-से ट्रान्सफर. बाईसाहेबांनी शेअर मुलीच्या नावावर केलेत.